डोणज्याचं सहावं अक्षर

दर जूनमध्ये आम्ही काही मित्र सिंहगड-पानशेतच्या बाजूच्या गावांतल्या शाळांना वह्या पोचवतो. काम साधंच आहे. एका शीटमध्ये आमची गावांची मुख्य यादी असते आणि दुसऱ्या शीटमध्ये त्या वर्षीची मागणी. एक्सेलनं गावाचं नाव दुसऱ्या शीटमध्ये शोधायचं, त्यासमोरचा आकडा आणायचा आणि आम्ही तेवढे गठ्ठे बांधायचे. दोन वर्षांपूर्वी मागणीची शीट एका वेबपानावरचा तक्ता आणि शिक्षकांचे मोबाइलवरचे निरोप कॉपी-पेस्ट करून तयार झाली होती. टेम्पो भरून झाल्यावर डोणज्याच्या मुख्याध्यापकांचा फोन आला, "सर, यंदा आम्हाला काहीच नाही का?"

शीटमध्ये डोणज्यासमोर शून्य होतं. मागणीच्या शीटमध्ये मात्र डोणजे होतं आणि त्यापुढे आकडाही होता. दोन्हीकडचं नाव शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. काना-मात्रा, स्पेलिंग, फाँट, सगळं तेच. माझा फॉर्म्युला असा होता:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Magni!A:B,2,FALSE),0)
```

यातली पहिली चूक गावाच्या नावात नव्हती, ती माझी होती. VLOOKUP ला नाव सापडलं नाही की ते #N/A दाखवतं. ते दिसायला वाईट म्हणून मी IFERROR लावून त्याजागी शून्य आणलं होतं. त्यामुळे "सापडलं नाही" आणि "मागणी नाही" या दोन वेगळ्या गोष्टी शीटमध्ये एकसारख्या दिसायला लागल्या. IFERROR काढलं, तेव्हा ४२ गावांपैकी ९ गावांसमोर #N/A उमटलं.

आता नावात काय वेगळं आहे ते शोधायचं होतं. डोळे इथे उपयोगाचे नाहीत, मोजणी उपयोगाची. LEN हे फंक्शन सेलमधली अक्षरं मोजतं. देवनागरीत ते मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र मोजतं, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. ड, ओकाराची मात्रा, ण, ज, एकाराची मात्रा, अशी डोणज्याची अक्षरं होतात ५. मुख्य यादीत LEN नं ५ सांगितलं. मागणीच्या शीटमध्ये सांगितलं ६. सहावं अक्षर कुठेतरी होतं, फक्त दिसत नव्हतं.

अक्षरं नुसती मोजता येतात असं नाही, ती कोणती आहेत तेही विचारता येतं. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोड या जागतिक यादीतला एक क्रमांक असतो. UNICODE हे फंक्शन तो क्रमांक सांगतं. संशय शेवटच्या अक्षरावर होता, म्हणून विचारलं:

```
=UNICODE(RIGHT(A2,1))
```

उत्तर आलं १६०. आपण स्पेसबार दाबतो तेव्हा उमटणाऱ्या मोकळ्या जागेचा क्रमांक ३२ आहे. १६० ही तिची जुळी बहीण. दिसायला हुबेहूब, पण काम वेगळं. तिला न तुटणारी स्पेस म्हणतात. "५ किलो" लिहिताना ५ एका ओळीच्या शेवटी आणि किलो पुढच्या ओळीत जाऊ नये म्हणून ती मधे घालतात. वेबपानं बनवणारे तक्त्यातली जागा भरायलाही ती सर्रास वापरतात. पानावर तिचा त्रास नसतो. तिथून नाव उचलून शीटमध्ये चिकटवलं की तीही नावाला चिकटून येते. आणि एक्सेलच्या लेखी "डोणजे" आणि "डोणजे अधिक १६०" ही दोन वेगळी गावं होतात.

इथे बहुतेक जण TRIM कडे वळतात, मीही वळलो. TRIM मागच्या-पुढच्या स्पेस काढतं आणि शब्दांमधल्या जादा स्पेसची एकच करतं. पण ते ओळखतं फक्त ३२ ला. माझ्या नऊ गावांपैकी दोघांच्या मागे साधी स्पेस होती, ती दोन जुळली. सात तशीच राहिली. मग CLEAN लावून पाहिलं. ते ० ते ३१ या क्रमांकांची जुनी नियंत्रक अक्षरं काढतं, म्हणजे सेलमधली ओळ तोडणारं १० वगैरे. १६० त्याच्याही हद्दीत येत नाही. "TRIM करून पाहिलं, तरी जुळत नाही" अशी तक्रार ऐकली की पहिला संशय १६० वर घ्यावा, तो इथे.

१६० काढायला SUBSTITUTE लागतं. त्यात एक निर्णय करावा लागतो: तिच्या जागी काही ठेवायचं की नाही? डोणज्याच्या शेवटी काही ठेवलं नाही तरी चालतं. पण "मांडवी बुद्रुक" मध्ये १६० दोन शब्दांच्या मधे बसलेली असेल आणि ती नुसती उडवली, तर हाती "मांडवीबुद्रुक" येतं. म्हणून १६० च्या जागी साधी स्पेस ठेवायची आणि मग TRIM नं कडेच्या स्पेस झाडायच्या. क्रम हाच. उलटा केला तर कडेला नवी स्पेस शिल्लक राहते.

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

आणखी चार गावं जुळली, तीन उरली. त्यातल्या खानापूरचं LEN सातऐवजी आठ येत होतं आणि जादा अक्षराचा क्रमांक होता ८२०३. ही शून्य रुंदीची स्पेस. तिला जागाच नसते. लांब शब्द किंवा पत्ता गरज पडली तर इथे तोडा, एवढंच ती पानाला सांगते. ती शब्दाच्या पोटात बसलेली असते, म्हणून तिच्या जागी स्पेस ठेवायची नाही, ती नुसती काढायची. तसं केल्यावर उरली दोन गावं: गोऱ्हे बुद्रुक आणि गोऱ्हे खुर्द.

या दोन नावांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. अख्ख्या नावाचे क्रमांक एकदम बघायला नव्या एक्सेलमध्ये हा फॉर्म्युला चालतो:

```
=TEXTJOIN(" ",TRUE,UNICODE(MID(A2,SEQUENCE(LEN(A2)),1)))
```

मुख्य यादीतल्या "गोऱ्हे" चे क्रमांक आले २३२७ २३७९ २३५३ २३८१ २३६१ २३७५. मागणीतल्या "गोऱ्हे" चे आले २३२७ २३७९ २३५२ २३८१ ८२०५ २३६१ २३७५. फरक मधेच आहे. एकीकडे २३५३, म्हणजे नुक्त्याचा ऱ. दुसरीकडे २३५२, म्हणजे साधा र, आणि हलन्तानंतर ८२०५ हे न दिसणारं जोडअक्षर.

कारण असं की मराठीतला हा अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही ग्राह्य आहेत. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ची स्वतंत्र की आहे, तिथे पहिली रीत सहज होते. टायपिंगची काही साधनं दुसऱ्या रीतीनं लिहितात. पडद्यावर आणि छापून दोन्ही सारखेच दिसतात. कुऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, सुधारणाऱ्या, अशा कितीतरी शब्दांत हा र आहे.

आतापर्यंत न दिसणारी अक्षरं म्हणजे कचरा, असं मी धरून चाललो होतो. त्याच ओघात ८२०५ सुद्धा उडवलं. नाव झालं "गोर्हे". अर्धा र ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला. गाव जुळलं तर नाहीच, वर त्याचं नावही बिघडलं. इंग्रजी नावांसाठी लिहिलेले "सगळी शून्य रुंदीची अक्षरं काढा" छापाचे नुस्खे मराठी यादीवर चालवले की नेमकं हेच होतं. ८२०५ आणि तिची जोडीदार ८२०४ मराठीत लिहिण्याचा भाग आहेत. ८२०४ जोडाक्षर होऊ न देता पाय मोडका ठेवते. ८२०३ बिनधास्त काढावी, या दोघींना विचारून हात लावावा.

उपाय काढण्याचा नव्हता, दोन रीतींची एक रीत करण्याचा होता. र, हलन्त आणि ८२०५ हे त्रिकूट दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवायचा. मागणीच्या शीटमध्ये मूळ नावाशेजारी एक नवा कॉलम घेतला आणि त्यात अखेरचा फॉर्म्युला लिहिला:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,
 UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
 UNICHAR(2353)&UNICHAR(2381)),
 UNICHAR(160)," "),UNICHAR(8203),""))
```

अक्षरांऐवजी क्रमांक लिहिले आहेत ते मुद्दाम. न दिसणारं अक्षर फॉर्म्युल्यात चिकटवलं तर पुढच्या वर्षी ते तिथे आहे की नाही हे आपल्यालाच कळत नाही. VLOOKUP या नव्या कॉलमकडे वळवलं आणि नऊच्या नऊ गावं जुळली. मूळ कॉलम तसाच ठेवला, म्हणजे काही चुकलं तर मागे जाता येतं. मुख्य यादीलाही हाच फॉर्म्युला लावला. ती आम्ही हातानं टाइप केलेली असली तरी एका गावामागे स्पेस निघालीच. एकाच बाजूची सफाई केली की घाण दुसऱ्या बाजूला असल्याचं फार उशिरा कळतं.

फॉर्म्युल्याची धास्ती वाटत असेल तर दुसरी वाट आहे. विंडोजमध्ये शोधा-आणि-बदला ची खिडकी उघडावी, वरच्या चौकटीत ऑल्ट दाबून धरून आकड्यांच्या पॅडवर 0160 टाइप करावं, खालच्या चौकटीत एक साधी स्पेस द्यावी आणि सगळीकडे बदलावं. कडेला उरलेल्या स्पेससाठी TRIM तरीही लागतं.

या सफाईची हद्दही सांगायला हवी. कोणी "मांडवी बु." लिहिलं असेल तर ते "मांडवी बुद्रुक" शी जुळणार नाही. ते लिहिणाऱ्याचं वळण आहे, फॉर्म्युल्याला ते कळत नाही. म्हणून यंदापासून आम्ही गावाऐवजी शाळेच्या यूडायस क्रमांकावर जुळवणी करतो. तो ११ आकडी असतो आणि महाराष्ट्रात २७ नं सुरू होतो. तिथेही एक खड्डा आहे. TRIM मधून बाहेर पडलेला क्रमांक आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि एक्सेलला आकडा २७ आणि मजकूर २७ वेगळे वाटतात. अशा वेळी फॉर्म्युला VALUE मध्ये गुंडाळावा किंवा दोन्ही शीटमध्ये क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा.

डोणज्याच्या वह्या पुढच्या शनिवारी पोचल्या. आमच्या शीटमधून IFERROR कायमचं गेलं. तुमच्याही यादीत ते शून्य दाखवत असेल तर आज एकदा काढून पाहा, #N/A किती आहेत ते मोजा आणि त्यातल्या पहिल्या नावाला LEN लावा.