गरम नग, थंड नग

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो 17 वर्षं क्वालिटी विभागात होता. वय 44. एका शुक्रवारी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत ओळखपत्र जमा झालं.

घरी बायकोला सांगितलं, बाकी कुणाला नाही. रात्री दोघं हिशेबाला बसले. ग्रॅच्युइटीचं सूत्र साधं होतं: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिचे 26 भाग करून 15 भाग घ्यायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. त्याचा मूळ पगार 40,000, महागाई भत्ता नाही. म्हणजे साधारण 3 लाख 92 हजार. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपणार होता, म्हणून पहिला खर्च घरच्यांच्या आरोग्य विम्याचा केला.

दोन महिने अर्ज केले. एका मुलाखतीत ऐकावं लागलं, "तुमच्या पगारात दोन पोरं येतात." मग अर्ज थांबले. भोसरीत त्याच्या ओळखीचे एक वर्कशॉपवाले होते. त्यांचे शाफ्ट गिऱ्हाइकाकडून परत येत होते. तो म्हणाला, "मालक, दोन दिवस नुसता उभा राहतो. पैसे नकोत."

शाफ्टचा व्यास 50 मिलिमीटर. त्याहून जास्त चालत नाही आणि कमी चालतो तो फक्त 16 मायक्रॉनपर्यंत. म्हणजे 49.984 हे शेवटचं टोक. ऑपरेटर मशीनवरून नग काढून लगेच मायक्रोमीटर लावायचा. आकडा यायचा 49.994. पास. त्याने तोच नग तासाभराने मोजला, तर 49.982 भरला. नापास.

मायक्रोमीटर बरोबर होता, ऑपरेटरही. नग तेवढा गरम होता. पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. 50 मिलिमीटरचा नग 20 अंशांनी जास्त तापला, की व्यास 11-12 मायक्रॉन मोठा दिसतो. सैल मापात हे खपून जातं, इथे सगळी सूटच 16 मायक्रॉनची.

उपाय बिनखर्चाचा होता. मशीनशेजारी एक लोखंडी टेबल ठेवलं. नग आधी त्यावर निववायचे, मायक्रोमीटरही तिथेच ठेवायचा आणि मोजून झाल्यावरच टूलचा ऑफसेट बदलायचा. नापास माल थांबला. महिन्याभराने मालकांनीच विचारलं, "आठवड्यातून दोन दिवस येणार का?"

आज अशी चार वर्कशॉप आहेत. पैसे जुन्या पगाराच्या दोन तृतीयांश, बिलं दोन-दोन महिने अडकतात. शेजाऱ्यांना वाटतं, नोकरी चालूच आहे.

भोसरीच्या त्या टेबलावर खडूने एक ओळ लिहिलेली असते. पुसली गेली की तो पुन्हा लिहितो: "हाताला कोमट लागला, तर मोजू नका."