तीन आवाजांचा प्रिंटर

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार वाजवलं. त्या नर्स आहेत, आठवड्यातून तीन-चार रात्री ड्युटी करतात आणि दिवसा झोपतात. फार संकोचून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काही मशीन चालतं का? माझ्या छतातून सतत घरघर येते."

मशीन म्हणजे आमचा थ्रीडी प्रिंटर. इथल्या मंडळाच्या आकाशकंदील कार्यशाळेसाठी आम्ही त्यावर कंदिलाचे कोपरे छापत होतो. आपल्या पारंपरिक कंदिलाच्या सांगाड्याला १२ कोपरे आणि २४ काड्या लागतात. २५ कंदील म्हणजे ३०० कोपरे. १२ कोपऱ्यांच्या एका खेपेला पाच तास, म्हणजे एकूण सव्वाशे तास. रात्री लक्ष न ठेवता प्रिंटर चालवायचा नाही हा घरचा नियम, त्यामुळे दिवसाच छापणं भाग होतं. आणि दिवस तर त्यांच्या झोपेचा! आठवडाभर काम थांबवते असं मी त्यांना सांगितलं. त्या आठवड्यात जे शिकले ते इथे लिहिते, कारण फ्लॅटमध्ये राहून हा छंद करणारी बरीच घरं आपल्या मंडळात आहेत.

पहिली चूक आम्ही आधीच करून बसलो होतो. आवाज येतो म्हटल्यावर नवऱ्याने उन्हाळ्यातच एक महागडा शांत पंखा आणून बसवला होता. तो खरंच शांत होता, पण प्रिंटर होता तेवढाच गोंगाट करत राहिला. असं का झालं, ते फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपने कळलं. या ॲपचे आकडे काटेकोर नसतात, पण फोन एकाच जागी ठेवून आधी आणि नंतर मोजलं तर फरक नीट दिसतो. मी जुना पंखा परत लावला आणि फोन प्रिंटरपासून एक मीटरवर ठेवला. छपाई चालू असताना ५५ डेसिबल आले. मग छपाई थांबवून मोटर बंद करायची `M84` ही आज्ञा दिली. आता फक्त पंखे चालू होते आणि आकडा होता ४८.

डेसिबलची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. दोन सारखेच आवाज एकत्र आले तर आकडा फक्त ३ ने वाढतो. एक आवाज दुसऱ्यापेक्षा १० ने मोठा असेल, तर लहान आवाज बेरजेत जवळजवळ हरवूनच जातो. आमच्या ५५ मध्ये मोटरींचा वाटा ५४ होता. सगळे पंखे काढून फेकले असते तरी एकच डेसिबल वाचला असता! म्हणून सर्वांत मोठ्या आवाजापासून सुरुवात करायची.

पण खालच्या बाईंचा प्रश्न या आकड्यात नव्हताच. त्यांना हवेतून नव्हे, टेबल आणि लाकडी जमिनीतून येणारा आवाज त्रास देत होता. मुलाला टेबलाच्या पायाला कान लावायला सांगितला, तर तो दचकलाच. म्हणाला, "आई, इथे तर जास्त मोठा आहे!" म्हणजे आवाज तीन होते: जमिनीतून जाणारी थरथर, मोटरींचं गाणं आणि पंख्यांची घोंघों. तिघांवर तीन वेगळे उपाय.

थरथरीचा उपाय सर्वांत स्वस्त निघाला. आमच्या प्रिंटरचा तवा, म्हणजे ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट, पुढेमागे सरकतो. दर वेळी दिशा बदलताना तो अख्ख्या सांगाड्याला उलट ढकलतो आणि तो धक्का टेबलात जातो. आम्ही बागसामानाच्या दुकानातून फरसबंदीची काँक्रीटची लादी आणली. ४० सेंटिमीटर लांब-रुंद, ४ जाड, वजन सुमारे १५ किलो. टेबलावर आधी फोम, त्यावर लादी आणि लादीवर प्रिंटर त्याच्या नेहमीच्या रबरी पायांवर. जड लादी छोट्या धक्क्यांनी सहज हलत नाही आणि जी काही हलते ते खालचा फोम टेबलापर्यंत पोचू देत नाही.

इथे फोमची निवड महत्त्वाची. आम्ही आधी मऊ गादीचा तुकडा टाकला, तो वजनाने पार चपटा झाला. चपटा झालेला फोम म्हणजे कडक पुठ्ठाच, त्याचा उपयोग शून्य. मग दोन सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम घेतला. लादी आणि प्रिंटर ठेवल्यावर तो चार-पाच मिलिमीटर दबला आणि हाताने दाबलं तर अजून थोडा दबत होता. असा हवा. त्याआधी नुसते मऊ जेलचे पाय प्रिंटरखाली लावून पाहिले होते. त्यांनी खालची थरथर कमी झाली, पण हलका सांगाडा स्वतःच डुलायला लागला. लादीवर तो डुलत नाही. फक्त टेबल मजबूत हवं, कारण प्रिंटर धरून त्यावर तेवीसेक किलो वजन येतं.

आमच्या खोलीतला आकडा मात्र जेमतेम एकाने उतरला. तरी त्या दुपारी बाईंना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अजून येतो, पण आता कान देऊन ऐकावं लागतं." त्यांच्यापुरतं निम्मं काम झालं होतं.

आता मोटरींचं गाणं. गाणं हा शब्द मी मुद्दाम वापरते. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० टप्पे घेते आणि आमच्या पट्ट्याच्या मापाने एका मिलिमीटरला ५ टप्पे पडतात. सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने छापताना सेकंदाला २५० टप्पे होतात. पेटीवरच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकची कंपनं सेकंदाला सुमारे २६२ असतात. म्हणजे आमचा प्रिंटर जवळजवळ पांढरी एकमध्ये गात होता, आणि वेग दुप्पट झाला की वरच्या सप्तकात जात होता. आवाजाची पट्टी हालचालीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर तो मोटरीचा आवाज समजावा. पंख्याची पट्टी हालचालीबरोबर बदलत नाही.

मोटरीला वीज पुरवणाऱ्या चिपला ड्रायव्हर म्हणतात. २०१९ मध्ये घेतलेल्या आमच्या प्रिंटरमध्ये ए४९८८ हे जुने ड्रायव्हर होते. ते प्रत्येक टप्प्याचे १६ भाग करतात, पण प्रवाह सारखा तोडत-जोडत राहतात आणि ती कुरकुर मोटरीच्या अंगातून ऐकू येते. टीएमसी२२०९ हा नवा ड्रायव्हर मधल्या जागा भरून टप्प्याचे २५६ भाग करतो, आणि त्याच्या स्टेल्थचॉप पद्धतीत प्रवाह जवळजवळ गुळगुळीत लाटेसारखा चढतो-उतरतो. जुने ड्रायव्हर बोर्डावर डाखलेले असल्याने आम्ही तसे ड्रायव्हर असलेला अख्खा बोर्ड बदलला. प्लग काढला, प्रत्येक तारेचा फोटो घेतला आणि बोर्ड २४ व्होल्टचाच आहे ना, हे दोनदा पाहिलं. पंख्यांच्या तारांचं धन-ऋणही जपलं, कारण तिथे उलटसुलट झालं की पंखा किंवा बोर्ड जातो.

स्टेल्थचॉप सगळीकडे लावू नये. प्लास्टिकची तार नोझलमध्ये ढकलणारी मोटर सारखी थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. दाब सांभाळणारी लिनिअर ॲडव्हान्स ही सोय चालू असेल, तर स्टेल्थचॉपमध्ये ती मोटर मधेच बंद पडू शकते. तिला जास्त जोराची पण थोडी आवाजी स्प्रेडसायकल पद्धत ठेवावी. आमच्यासारखं मार्लिन फर्मवेअर असेल आणि ड्रायव्हर त्याच्याशी यूएआरटी तारेने जोडलेले असतील, तर एवढंच पुरतं:

```
M569 S1 X Y Z
M569 S0 E
M500
```

पहिल्या ओळीने तिन्ही अक्षांना स्टेल्थचॉप लागतं, दुसरीने तार ढकलणाऱ्या मोटरीला स्प्रेडसायकल आणि तिसरीने ते साठवलं जातं. नंतर नुसतं `M569` पाठवलं की कोणती मोटर कशावर आहे ते दिसतं.

या शांततेची किंमत जोरात मोजावी लागते. रिकाम्या हालचालीचा वेग आम्ही सेकंदाला १५० मिलिमीटर ठेवला होता. एका खेपेत सगळे कोपरे निम्म्या उंचीवर एकाच बाजूला दोन मिलिमीटर सरकले, पायरी पडल्यासारखे. मोटरीचे टप्पे चुकल्याची ही खूण. वेग १०० वर आणला आणि त्यानंतर पायरी दिसली नाही. आकडा ५५ वरून ४९ वर आला. आता उरले होते पंखेच.

म्हणजे उन्हाळ्यातला तो महागडा पंखा लावायची वेळ आता आली होती. पण त्याच्याकडून आधी एक धडा मिळाला होता. तो १२ व्होल्टचा, प्रिंटर २४ व्होल्टचा, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा छोटा कन्व्हर्टर लावला होता. पंखा जोडण्याआधी मीटर लावून त्याचा स्क्रू १२ वर आणायचा असतो. नवऱ्याने तो अजून शांत व्हावा म्हणून ९ वर ठेवला. पहिला तास छान गेला, मग टकटक असा आवाज येऊन तार पुढे जाईना. बाहेर ओढली तर तिचं टोक फुगलेलं. नोझलच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या भागाला थंड ठेवणं हे त्या पंख्याचं काम. तिथे वारा कमी पडला की उष्णता वर चढते, पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि नळीत बूच बसतं. त्यामुळे पंखा घेताना आवाजाच्या आकड्यासोबत तो किती हवा ढकलतो हेही पाहावं, आणि या जागी वेग कधीच कमी करू नये. या वेळी बरोबर १२ वर ठेवला आणि त्याच्यापुढची छिद्रांची पत्र्याची जाळी काढून तारेची जाळी लावली, कारण वारा पत्र्याच्या कडांवर आपटूनही शिट्टी वाजते. बोर्डावरचा पंखाही तसाच बदलला. वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा मात्र सोडून दिला. प्लग काढल्यावरही त्या डब्यात घातक वीज साठून राहते, तो उघडू नये.

शेवटचा आकडा ४३. आवाज कमी करायला प्रिंटर कपाटात कोंडायचाही विचार आला होता, पण कोंडलेल्या हवेत वीजपुरवठा तापतो आणि पीएलएसुद्धा वेळेआधी मऊ होतं, म्हणून तो सोडला. त्या खोलीत धुराचा अलार्म मात्र लावला, कारण शांत झालेला प्रिंटर चालू आहे हेच विसरायला होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी पुन्हा छपाई सुरू केली. दोन दिवसांनी जिन्यात बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचं मशीन अजून बंदच का?" तेव्हा प्रिंटर एकविसाव्या कंदिलाचे कोपरे छापत होता. पहिला तयार कंदील या वर्षी त्यांच्या दारात लागला आहे.