गुण देण्याआधी एकदा रिक्षात ऐका

पॉडकास्टच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो की मी प्रत्येक भाग दोनदा ऐकतो. एकदा घरी हेडफोन लावून, एकदा रिक्षात. परवा द्राक्षबागायतदाराच्या मुलाखतीचा चाळीस मिनिटांचा भाग आला. घरी उत्तम वाटला. रिक्षात मात्र निवेदिका खणखणीत आणि पाहुणा पुटपुटल्यासारखा. दर दोन मिनिटांनी आवाज वाढवा, पुन्हा कमी करा! कारण साधं होतं: माइक निवेदिकेच्या तोंडापासून वीतभर आणि पाहुण्यापासून हातभर लांब. अंतर वाढलं की बोलणं क्षीण होतं, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. नंतर आवाज वाढवला तर घुमाराही वाढतो, म्हणून हा दोष संकलनात पुरता निघत नाही. ध्वनीला दहापैकी चार.

रचनेत मी घड्याळ पाहतो. पाहुणा मुद्द्यावर आला नवव्या मिनिटाला. त्याआधी नुसती ओळख आणि स्तुती. पाच गुण. निवेदिकेचा आवाज गोड, पण ती प्रश्न वाचून दाखवत होती. वाचताना वाक्याचा शेवट दर वेळी एकाच सुरात पडतो, तिथे ओळखू येतं. सहा.

उपयुक्ततेला मात्र नऊ. अवकाळी पावसानंतर कोणता घड ठेवायचा, कोणता काढायचा, हे त्याने इतकं नेमकं सांगितलं, की मी रिक्षातून उतरलो तरी ऐकतच उभा होतो.

बेरीज चोवीस. दुसरा एक चकचकीत भाग तीसवर होता. त्यातलं मला आज काहीच आठवत नाही.