निवृत्त भागीदाराचा हिशेब

एखाद्या पेढीतील थोरले, मधले आणि धाकटे असे तीन भागीदार नफा ३:२:१ या प्रमाणात वाटून घेत असताना मधले निवृत्त झाले आणि उरलेल्या दोघांनी पुढील नफा समसमान घेण्याचे ठरविले, तर ख्यातीचा भार कोणी सोसावयाचा, हे नव्या हिश्श्यातून जुना हिस्सा वजा केल्यावरच कळते. थोरल्यांचा हिस्सा पूर्वीही निम्मा होता व आताही निम्माच आहे. मधल्यांचा तृतीयांश सगळा धाकट्यांकडे गेला. म्हणून ख्यातीचे मूल्य ९०,००० रुपये ठरल्यास मधल्यांचे ३०,००० रुपये एकट्या धाकट्यांच्या भांडवल खात्यावर नावे पडतात. जुन्या ३:१ प्रमाणाने ते दोघांवर टाकणे ही नेहमीची चूक असून, तीत थोरल्यांवर उघड अन्याय होतो.

मधल्यांचे भांडवल ६०,००० धरले, तर देणे ९०,००० होते. ते भांडवल खात्यातून त्यांच्या कर्जखात्यात जमा करून, करारनाम्याप्रमाणे तीन समान वार्षिक हप्त्यांत, शिल्लक मुद्दलावर दरसाल दहा टक्के व्याजासह फेडावयाचे असल्यास, प्रथम वर्षअखेरीस ३९,०००, नंतर ३६,००० व शेवटी ३३,००० रुपये द्यावे लागतात. व्याज दरवर्षी ९,०००च पडत असेल, तर फिटलेल्या मुद्दलावरही ते आकारले जात आहे, असे खुशाल समजावे.

करारनामा मुका असून हिशेब चुकता न होताच धंदा चालू राहिला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ३७ निवृत्ताला आपल्या मालमत्तेमुळे झालेला नफा अथवा दरसाल सहा टक्के व्याज, यांपैकी एक निवडण्याचा हक्क देते.