बिलाची तारीख आणि पैशांची तारीख

कोल्हापुरातला एखादा छोटा कारखाना सांगलीला ४०,००० रुपयांचे सुटे भाग पाठवतो आणि तेवढ्याच किमतीचे बेळगावलाही. १८ टक्क्यांनी कर दोन्हींवर ७,२०० रुपयेच आणि बिलही ४७,२०० रुपयांचेच. पण सांगलीच्या बिलात तो कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा ३,६०० रुपयांच्या दोन भागांत विभागतो, तर बेळगाव कर्नाटकात असल्याने तिथे सगळा कर आयजीएसटीच्या रकान्यात जातो. म्हणून नोंदवहीत माल जिथे पोहोचतो त्या राज्याच्या कोडसाठी एक रकाना हवाच. महाराष्ट्राचा कोड २७, कर्नाटकाचा २९. काही जण गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहून कर ठरवतात. मात्र ज्याच्याकडे क्रमांकच नाही, त्याच्या बिलावर ही युक्ती फसते.

एक्सेलमध्ये D रकान्यात राज्याचा कोड, E मध्ये करपात्र रक्कम, F मध्ये दर, K मध्ये पैसे देण्याची शेवटची तारीख आणि M मध्ये बाकी आहे असे धरू. सीजीएसटी, आयजीएसटी आणि उशिराचे दिवस यांची सूत्रे अनुक्रमे अशी (एसजीएसटीचे सूत्र सीजीएसटीसारखेच):

```
=IF(D2=27,ROUND(E2*F2/2,2),0)
=IF(D2=27,0,ROUND(E2*F2,2))
=IF(M2>0,MAX(0,TODAY()-K2),0)
```

खरी गफलत होते ती दिवस मोजताना. समजा, सांगलीचे बिल ५ जून २०२५ चे आहे आणि मुदत ३० दिवसांची. २० ऑगस्टला बिलाच्या तारखेपासून ७६ दिवस होतात, पण पैसे थकले आहेत ते ५ जुलैपासून, म्हणजे ४६ दिवस. दरम्यान २०,००० रुपये आले असतील, तर उरलेले २७,२०० रुपये ३१ ते ६० दिवसांच्या टप्प्यात बसतात. पूर्ण ४७,२०० तिथे मांडले, तर वसुलीला गेलेल्या माणसाला पार्टीसमोर खाली पाहावे लागेल. टप्प्याची बेरीज अशी:

```
=SUMIFS(M:M,N:N,">=31",N:N,"<=60")
```

N मध्ये उशिराचे दिवस आहेत. मुदत न संपलेली रक्कम आणि सगळे टप्पे मिळून M रकान्याच्या बेरजेइतके भरले पाहिजेत. कमी भरले, तर कुणीतरी तारीख ‘05.07.2025’ अशी टिंबे देऊन लिहिली असण्याची शक्यता मोठी. एक्सेल बहुधा तिला तारीख न मानता मजकूर समजते, उशिराच्या रकान्यात #VALUE! दिसते आणि ते बिल कोणत्याच टप्प्यात मोजले जात नाही.

बिलाच्या तारखेचा रकाना मात्र काढून टाकू नये. दरमहा विवरण भरणाऱ्या कारखान्याने सांगलीच्या बिलावरचा कर पैसे यायच्या आतच, जूनच्या विवरणाबरोबर भरलेला असतो. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाने घेतलेली कराची वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. सांगलीच्या बिलापुरता तो दिवस २ डिसेंबर. नोव्हेंबरमध्ये फोन करताना ही तारीख गिऱ्हाइकाच्या कानावर घालावी.