भाव चढतोय, पण विकतंय कोण?

‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘स्क्विड’ नावाचं टोकन आलं. मालिकेशी त्याचा अधिकृत संबंध नव्हता. १ नोव्हेंबरला भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला. इशारा आधीच दिसत होता. एवढ्या चढत्या भावात कुणीतरी नफा काढून घेतोच. इथे मात्र विक्रीचा दाब नव्हता, कारण बहुतेकांना विकताच येत नव्हतं.

दुसरी खूण तरलतेची. अशी टोकनं एका सामायिक साठ्यातून विकली जातात. समजा, त्यात १०,००० टोकन आणि १०,००० डॉलर आहेत. भाव एक डॉलर दिसतो. पण आणखी १०,००० टोकन एकदम विकले, तर हाती जेमतेम ५,००० डॉलर येतात आणि भाव पाव डॉलरवर घसरतो. म्हणून बाजारमूल्य कोटींत असलं तरी मी आधी साठ्यातले डॉलर बघतो.

साठा कुलूपबंद नसेल, तर निर्माता तो एका व्यवहारात काढून नेऊ शकतो. टोकन आणि डॉलर सारख्याच प्रमाणात निघाल्याने त्या क्षणी भाव हलत नाही. आलेख शांतच राहतो. पुढची छोटीशी विक्रीही मग भाव कोसळवते.