जोर करूनही पोट साफ होत नाही तेव्हा

बद्धकोष्ठाची तक्रार सांगितली की पहिला प्रश्न येतो, ‘किती दिवसांनी होतं?’ प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर फसगत होते. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा पल्ला निरोगी माणसांत आढळतो. दिवसाआड जाणारा एखादा अगदी ठणठणीत असतो आणि रोज सकाळी न चुकता जाणारा दुसरा अर्धा तास कुंथून, घामाघूम होऊन, अर्धंच झाल्याच्या भावनेनं बाहेर पडतो. यातला दुसरा माणूस खरा रुग्ण आहे. म्हणून मी दोन प्रश्न अधिक मोलाचे मानते: मळ कसा असतो, खडे की मऊ? आणि तो बाहेर पडायला किती जोर करावा लागतो? या दोन उत्तरांची सांगड घातली की उपचार कुठल्या दिशेला जाणार ते बरंचसं कळतं.

एकाच तऱ्हेच्या अनेक रुग्णांच्या हकिगतींतून बनलेली एक बाई डोळ्यासमोर आणू. वय ४४, गावाबाहेरच्या शाळेत शिक्षिका. सकाळी साडेसहाची एसटी पकडायची, त्यामुळे संडासला निवांत बसणं नाही. शाळेतल्या संडासाला धड कडी नाही, पाणी नाही, म्हणून कळ आली तरी दाबून धरायची. हे वर्षानुवर्षं चाललेलं. आता सहा वर्षांपासून पोट साफ होत नाही. घरातल्यांनी चूर्ण आणलं, शेजारणीनं रात्री एरंडेल घ्यायला सांगितलं, औषधाच्या दुकानातून गोळ्या झाल्या. मळाबरोबर एकदोनदा रक्त दिसलं, तेव्हा मूळव्याध आहे म्हणून मलम लागलं.

इथे उपचाराआधी एक गाळणी लावावीच लागते. मळातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, रक्ताक्षय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीच्या आसपास नव्यानंच सुरू झालेला बद्धकोष्ठ, यांपैकी काही असेल तर आतडं दुर्बिणीनं तपासायचं की नाही, हे डॉक्टरांनी आधी ठरवायला हवं. रक्त दिसलं की मूळव्याधच, असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. या बाईंची दुर्बिणीची तपासणी झाली आणि आतडं स्वच्छ निघालं. थायरॉइड, साखर आणि कॅल्शियमही ठीक. मात्र त्या लोहाची आणि कॅल्शियमची गोळी रोज घेत होत्या आणि दोन्हींनी मळ घट्ट होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, काही जुनी नैराश्यावरची औषधं हीसुद्धा तेच करतात. आपल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवली, तर कधीकधी कारण तिथेच सापडतं.

मग आहार. सकाळी पोहे, डब्यात मैदा मिसळलेल्या पिठाची पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री वरणभात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात, असं धरतात. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे दहा ग्रॅम असतात, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात तीनही नाहीत. म्हणजे एक भात कमी करून एक भाकरी, सालासकट मूग किंवा मसूर, एक पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यानं फरक पडतो. वेगळा खुराक विकत आणायची गरज नाही.

त्याला जोड म्हणून इसबगोल. पण ते घेण्याची रीत बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते. सुरुवात रोज एका चहाच्या चमच्यानं करायची, आठवड्यानं दोन, मग गरजेप्रमाणे थोडं आणखी. भुसा मोठ्या पेल्यातल्या पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि वर आणखी पाणी घ्यायचं. कोरडा तोंडात टाकून घोटभर पाण्याबरोबर गिळला तर तो अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांनी तर तो टाळावाच. पहिल्याच दिवशी तीन मोठे चमचे घेतले की पोट फुगतं आणि माणूस ‘मला चालत नाही’ म्हणून सोडून देतो. गुण कळायला दोनतीन आठवडे द्यावे लागतात. गव्हाच्या जाड कोंड्यानं मात्र पुष्कळांचा वात वाढतो. विरघळून बुळबुळीत होणारा इसबगोलाचा तंतू सौम्य पडतो.

पाण्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. रोज लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात साधारण दीड लिटर पातळ द्रव उतरतो आणि मोठं आतडं त्यातलं जवळजवळ सगळं पाणी शोषून घेतं. मळात उरतं ते १०० ते २०० मिलिलिटर. जास्तीचं प्यायलेलं पाणी वरच्या वर शोषलं जातं आणि लघवीवाटे जातं. म्हणून पुरेसं पाणी पिणाऱ्यानं आणखी दोन तांबे प्यायल्यानं मळ मऊ होत नाही. पण या शिक्षिका दिवसभर मुद्दाम पाणी पीत नव्हत्या, कारण शाळेत लघवीलाही जाता येत नव्हतं. अशा माणसाचं पाणी वाढवलं तर उपयोग होतो. तंतू वाढवताना तर ते हवंच.

एवढ्यानं भागलं नाही तर औषध, आणि त्यांचे प्रकार समजून घेतले की घाबरायचं कारण राहत नाही. एक गट आतड्यात पाणी धरून ठेवतो. लॅक्टुलोज हे गोड सिरप त्यातलं, त्याला एकदोन दिवस लागतात आणि गॅस होतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, दिवसाला साधारण १७ ग्रॅम पाण्यात घालून, गॅस कमी करते, महिनोन्‌महिने घेता येते आणि पुरावाही तिच्या बाजूनं भक्कम आहे. मॅग्नेशियमची दुधाळ औषधं याच जातीची, पण मूत्रपिंड अशक्त असेल तर ती धोक्याची. दुसरा गट आतड्याला हलवतो: सोनामुखी आणि बिसाकोडिल. बाजारातल्या बऱ्याच आयुर्वेदिक चूर्णांत सोनामुखीच असते. रात्री घेतलेली गोळी सहा ते बारा तासांनी काम करते, कळ येऊन पोट दुखू शकतं. सांगितलेल्या मात्रेत या औषधांनी आतडं कायमचं निकामी होतं, या भीतीला ठोस आधार मिळालेला नाही. तरी रोज स्वतःच्या मनानं मात्रा वाढवत नेणं वेगळं. त्यानं जुलाब होतात, पोटॅशियम उतरतं. तिसऱ्या पायरीवर प्रुकालोप्राइडसारखी नवी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच.

आमच्या बाईंनी भाकरी, इसबगोल, पाणी आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे सगळं सहा आठवडे नीट केलं. लोहाची गोळी बदलली. मळ मऊ झाला. आणि तरीही त्या पूर्वीइतकाच वेळ बसत होत्या, पूर्वीइतकाच जोर करत होत्या. माझ्या मते इथे औषध वाढवण्याचा मोह आवरायला हवा. कारण मऊ मळही जोर केल्याशिवाय निघत नसेल, तर दोष मळात उरलेला नाही.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. तिच्यातला एक स्नायू गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे जवळपास काटकोनाचा बाक पडतो आणि मळ आपोआप निसटत नाही. शौचाला बसल्यावर पोटाचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी हा स्नायू ढिला पडतो, बाक सरळ होतो. काहींच्या बाबतीत मात्र दाब दिला की स्नायू सैल होण्याऐवजी आवळतो. आत ढकलून उघडणाऱ्या दारावर कुणी आतूनच पाठ लावून उभं राहावं, तसं. माणूस जितका जोर करतो तितकं ते घट्ट होतं. कळ वर्षानुवर्षं दाबून धरण्यानं किंवा चिरा पडून दुखल्यानं ही उलटी सवय लागलेली असू शकते. पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही.

संशय यावा अशा खुणा ठरलेल्या आहेत. पातळ मळासाठीही कुंथावं लागणं. काहीतरी अडल्यासारखं वाटणं. पुन्हा पुन्हा जाऊनही अर्धं राहणं. एनिमाचं पाणीसुद्धा बाहेर टाकता न येणं. आणि बोटानं मळ काढावा लागणं, किंवा बाईला योनीच्या मागच्या भिंतीवर बोटानं दाब द्यावा लागणं. ही शेवटची गोष्ट लाजेपायी कुणी आपणहून सांगत नाही. या बाईंनीही सहा वर्षांत नवऱ्याला सांगितली नव्हती. त्या एका वाक्यानं निदानाची दिशा बदलते, म्हणून डॉक्टरांनी ते सरळ विचारावं आणि रुग्णानं सरळ सांगावं.

पुढची तपासणी डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटानं होते. ‘आवळा’ आणि मग ‘शौचाला बसल्यासारखं ढकला’ असं सांगितलं की स्नायू सैल पडतो की बोट आवळतो, ते अनुभवी हाताला जाणवतं. बरेचदा ही तपासणी केलीच जात नाही, याची मला खंत वाटते. खात्रीसाठी गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात ५० मिलिलिटर पाणी भरतात आणि रुग्णाला एकांतात तो बाहेर टाकायला सांगतात. साधारण एका मिनिटात तो पडायला हवा. बाईंना तीन मिनिटांतही जमलं नाही. बारीक नळीनं आतले दाब मोजले, तेव्हा ढकलताना गुदद्वाराचा दाब उतरण्याऐवजी चढताना दिसला. योनीकडे मोठा फुगवटा असल्याची शंका असेल तर शौच करतानाची क्ष-किरण किंवा एमआरआय चित्रंही काढतात.

यावरचा उपचार बायोफीडबॅक. नळीतला दाब समोरच्या पडद्यावर रेषेनं दिसतो. रुग्ण पोटानं श्वास घेत हलका दाब द्यायला आणि त्याच वेळी खालची रेष उतरवायला शिकतो, मग फुगा बाहेर टाकण्याचा सराव करतो. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक, अशी साधारण चार ते सहा सत्रं लागतात. नीट निवडलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्यांना गुण येतो आणि या दोषात तो रेचकांपेक्षा सरस ठरला आहे. सोय मोजक्याच शहरांत असते, म्हणून पोटविकारतज्ज्ञाला ती कुठे मिळेल हे स्पष्ट विचारावं. ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणारे फिजिओथेरपिस्टही यात मदत करतात. मात्र इथे स्नायू सैल सोडायला शिकायचं असतं. बाळंतपणानंतर शिकवतात ते आवळण्याचे व्यायाम स्वतःच्या मनानं सुरू केले तर उलट त्रास वाढू शकतो.

घरी करायचं तेही सांगितलं गेलं. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा बसायचं. कमोड असेल तर पायाखाली आठनऊ इंच उंचीचं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, कोपर मांड्यांवर. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा. बाईंनी एसटी एक तास उशिराची केली. पाच सत्रांनंतर बोटाची गरज उरली नाही, पावडर निम्म्यावर आली. इसबगोल चालूच आहे.